पोती गोदामात, पावती बँकेत: भिजलेल्या सोयाबीनचं नुकसान कोणाचं?

समजा, लातूरकडच्या एका शेतकऱ्यानं दिवाळीनंतर भाव पडलेला पाहून सोयाबीन विकलं नाही. ५० किलोची १२० पोती, म्हणजे ६० क्विंटल माल त्यानं भाड्याच्या गोदामात ठेवला. गोदामवाल्यानं वजन केलं, ओलावा मोजला आणि पावती दिली. त्या दिवशीच्या ४,५०० रुपये भावानं माल झाला २ लाख ७० हजारांचा. ती पावती त्यानं बँकेत नेली आणि मालाच्या किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे २ लाख २ हजार ५०० रुपये कर्ज काढलं. पावतीवर बँकेचा बोजा चढला. त्यानंतर अवकाळी पाऊस आला, गोदामाचं छप्पर गळलं आणि ३० पोती भिजून बुरसली.

माल शेतकऱ्याचा, ताबा गोदामवाल्याचा, पावती बँकेची. अशा वेळी तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. गोदामवाला म्हणतो, पाऊस काय मी पाडला? बँक म्हणते, आमचं कर्ज आहे तसंच आहे. शेतकऱ्याला वाटतं की माल बँकेच्या नावावर होता, तेव्हा तो बुडला तर बँकेचा बुडाला. माझ्यासमोर बसून हे शेवटचं वाक्य बोललेली माणसं मी पाहिली आहेत. ही समजूत चुकीची आहे आणि ती महागात पडते. म्हणून हाच मामला धरून सगळं समजून घेऊ.

मालकी इथे, ताबा तिथे

एखादी वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि काम झालं की तीच वस्तू परत घ्यायची, किंवा आपण सांगू तिथे ती पोचवायची, या व्यवहाराला कायद्याच्या मराठीत ‘निक्षेप’ म्हणतात. कोर्टात सगळे बेलमेंटच म्हणतात. १८७२ च्या करार कायद्यात कलम १४८ पासून याचे नियम आहेत. शिंप्याकडे दिलेलं कापड, गॅरेजमधली गाडी, ड्रायक्लीनिंगला टाकलेली पैठणी, शेजाऱ्यानं नेलेली शिडी हे सगळे निक्षेपच. मालकी हलत नाही, फक्त ताबा हलतो. ज्याच्याकडे ताबा जातो त्याला या लेखापुरतं ‘सांभाळणारा’ म्हणू.

ताबा खरंच गेला का, हा पहिला प्रश्न. १९३८ सालचा मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल मला यासाठी नेहमी आठवतो. एका बाईनं जुनं सोनं मोडून नवे दागिने घडवायला सोनाराकडे दिलं. सोनार दिवसा काम करायचा. संध्याकाळी ती बाई यायची, अर्धवट झालेले दागिने ताब्यात घ्यायची, सोनाराच्याच खोलीतल्या पेटीत ठेवायची आणि किल्ली घेऊन घरी जायची. एका रात्री दागिने चोरीला गेले. नुकसान कोणाचं? कोर्ट म्हणालं, बाईचं. रोज संध्याकाळी दागिने तिच्या हाती परत येत होते. पेटी सोनाराच्या खोलीत होती, पण किल्ली बाईकडे होती, म्हणून रात्रीचा ताबाही तिचाच.

हे गोदामाला लावून पाहा. एखाद्याची फक्त रिकामी खोली भाड्यानं घेतली, कुलूप आपलं लावलं, किल्ली आपल्या कनवटीला, तर तो निक्षेप नाही, जागेचं भाडं आहे. पोती गेली तर त्या घरमालकाला सांभाळणारा म्हणून धरता येणार नाही. आपल्या शेतकऱ्यानं मात्र वजन करून माल गोदामवाल्याच्या हवाली केला आहे, कुलूपकिल्ली गोदामवाल्याची आहे. इथे निक्षेप पक्का.

दुसरी बाजू आडत दुकानातली. ‘माल टाकून ठेवा, भाव चढला की पट्टी करू’ असं सांगून व्यापारी माल घेतो, सगळ्यांचा माल एका ढिगात टाकतो, त्यातून विकतोही. शेतकऱ्याला वाटतं, माल ठेवलाय. पण तीच पोती परत द्यायची बोलीच नसेल आणि ती विकायची मोकळीक व्यापाऱ्याला असेल, तर तो बहुधा निक्षेप नसतो, विक्री असते. फक्त किंमत ठरायची राहिलेली असते. १८६९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका पीठगिरणीबद्दल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील कोर्टानं असंच ठरवलं होतं. शेतकरी गहू गिरणीत टाकत, तो एकत्र मिसळला जाई आणि हवं तेव्हा तेवढाच गहू किंवा त्या दिवसाचा भाव मागायची त्यांना मुभा होती. गिरणी जळाली. धान्य गिरणीवाल्याचंच झालेलं होतं, असा निकाल लागला. यात वरवर शेतकऱ्याचा फायदा दिसतो, कारण आग लागली तरी त्याचे पैसे व्यापाऱ्याकडे येणे राहतात. पण व्यापाऱ्यानं दिवाळं काढलं, तर त्याच्या दुकानातल्या पोत्यांवर बोट ठेवून ‘ही माझी’ म्हणता येत नाही. शेतकरी व्यापाऱ्याकडून पैसे येणे असलेल्या इतरांच्या रांगेत उभा राहतो. बँकेत भरलेल्या पैशांचंही असंच असतं. आपण त्याला ठेव म्हणतो, पण आपण दिलेल्या त्याच नोटा बँक परत देत नाही, म्हणून ते बँकेवरचं ऋण असतं.

म्हणून पावतीवर काय लिहिलंय ते वाचायला मी कळकळीनं सांगतो. ‘साठवणुकीसाठी जमा’ आणि ‘खरेदी’ या शब्दांनी सगळा हिशोब फिरतो.

काळजी किती घ्यायची?

कलम १५१ म्हणतं की सामान्य शहाणपणाचा माणूस तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या आपल्या स्वतःच्या वस्तूची तशाच परिस्थितीत जेवढी काळजी घेईल, तेवढी सांभाळणाऱ्यानं घ्यायची. कलम १५२ त्याची दुसरी बाजू सांगतं. तेवढी काळजी घेतली असेल आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर माल गेला, नासला किंवा बिघडला तरी सांभाळणारा जबाबदार नाही, नुकसान मालकाचं.

म्हणजे कायदा गोदामवाल्याला विमा कंपनी करत नाही. माल बिघडला एवढ्यानं तो दोषी ठरत नाही. आणि ‘मी माझ्या मालाचीही एवढीच काळजी घेतो’ हा बचावही चालत नाही. तो स्वतः निष्काळजी असेल, तर कायदा त्याच्या सवयीकडे बघत नाही, शहाण्या माणसाकडे बघतो. जुन्या इंग्लिश कायद्यात फुकट सांभाळणारा आणि पैसे घेऊन सांभाळणारा यांच्या मापात फरक करत. आपल्या कलमात ‘निक्षेपाच्या सर्व बाबतींत’ असे शब्द आहेत. शेजाऱ्यानं फुकट ठेवून घेतलं म्हणून त्याचं माप हलकं होत नाही.

सोयाबीनच्या बाबतीत शहाणा माणूस काय करतो? पोती थेट फरशीवर टेकवत नाही, खाली लाकडी फळ्या घालतो, कारण फरशीतून ओल चढते. थप्पी भिंतीला चिकटवत नाही, माणूस फिरेल एवढी वाट सोडतो. पावसाळ्याआधी पत्रे आणि पन्हाळी तपासतो. अधूनमधून धुरी देतो आणि ओलावा मोजतो, कारण दाण्यात १२ टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की थप्पी आतून तापू लागते आणि बुरशी धरते. आपल्या मामल्यात छप्पर आधीही गळलं होतं आणि तिथे नुसती ताडपत्री टाकून काम भागवलं होतं, असं निघालं, तर गोदामवाल्याची बाजू पडली. उलट, छप्पर धड होतं आणि कधी न पाहिलेल्या वावटळीनं पत्रेच उडवले, मिनिटभरात माल झाकायचीही सवड मिळाली नाही, तर तो सुटू शकतो. मराठवाड्यात अवकाळी पाऊस येतोच. तो येईल हे न कळणारा माणूस शहाणा म्हणता येत नाही. म्हणून ‘पाऊस मी पाडला का’ हे उत्तर पुरत नाही. प्रश्न छपराचा आहे.

एक तूट मात्र गोदामवाल्यावर टाकू नका. ठेवताना ओलावा १२ टक्के होता आणि उचलताना १० टक्के भरला, तर ६० क्विंटलचे साधारण ५८ क्विंटल ६७ किलो होतील. सव्वा क्विंटलहून जास्त वजन हवेत गेलं. ही सुकतूट मालाच्या अंगचीच आहे, ती मालकाची. पण काट्यावर ५६ क्विंटल भरले, तर सुकतुटीच्या पलीकडच्या अडीच क्विंटलहून जास्त तुटीचा हिशोब त्यानं द्यायचा. म्हणून ठेवताना पावतीवर वजनाबरोबर ओलाव्याचा आकडा लिहून घेतलेला असावा.

शेतकऱ्याचीही एक जबाबदारी आहे. मालात जो दोष आपल्याला ठाऊक आहे आणि ज्यानं सांभाळणाऱ्याला धोका होऊ शकतो, तो सांगितलाच पाहिजे. वरची चार पोती कोरडी दाखवून आतली ओली पोती थप्पीत लोटली आणि त्या उष्णतेनं बाजूचा माल नासला, तर भरपाई मागणारा शेतकरीच भरपाई देणारा होईल.

सिद्ध कोणी करायचं?

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट ही आहे आणि ती लोकांना फार कमी माहीत असते. आपल्याला वाटतं की नुकसानभरपाई मागायची तर समोरच्याची चूक आपण सिद्ध करायची. निक्षेपात तसं नाही. मालकानं एवढंच दाखवायचं की माल चांगल्या स्थितीत दिला आणि तो परत मिळाला नाही किंवा बिघडलेला मिळाला. तिथून ओझं फिरतं. गोदामात काय घडलं हे गोदामवाल्यालाच ठाऊक, तेव्हा मी पुरेशी काळजी घेतली होती हे त्यानंच दाखवायचं. त्याला ते दाखवता आलं नाही, तर निष्काळजीपणा गृहीत धरला जातो.

१९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका मोटारीचं प्रकरण होतं. अपघात झालेली गाडी विमा कंपनीनं दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये दिली, तिथे आग लागली आणि गाडी जळाली. मालकानं आग का लागली ते शोधत बसायचं का? कोर्टानं म्हटलं, नाही. गाडी ज्याच्या ताब्यात होती त्यानं सांगावं. या निकालात आणखी एक गोष्ट आहे जी आपल्याला पुढे लागेल. विमा कंपनी स्वतः सांभाळणारी ठरली आणि गॅरेज तिनं नेमलेलं म्हणून उप-सांभाळणारं ठरलं. मालकाला थेट विमा कंपनीला धरता आलं.

दुसरं प्रकरण २०१९ चं, दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलचं. पाहुण्यानं गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली. परतल्यावर कळलं, गाडी दुसराच कोणी घेऊन गेला. पार्किंगच्या चिठ्ठीवर छापलं होतं की गाडी मालकाच्या जबाबदारीवर. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली की काळजी घ्यावीच लागते आणि स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा छापील ओळीनं सुटता येत नाही. गोदामाच्या पावतीवर बारीक अक्षरात ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असं दिसलं म्हणून शेतकऱ्यानं आशा सोडू नये. त्या ओळीकडे बघून घरी बसलेली माणसं पाहिली की मला वाईट वाटतं.

चूक नसतानाही जबाबदारी

तीन प्रसंगांत मात्र सांभाळणारा कितीही काळजी घेवो, तो सुटत नाही.

पहिला, ठरलेल्यापेक्षा वेगळा वापर. कायद्यातच घोड्याचं उदाहरण दिलं आहे. एकानं कलकत्त्याहून बनारसला जायचं म्हणून घोडा भाड्यानं घेतला आणि तो कटकला निघाला. घोडा अगदी जपून चालवला, तरी तो ठेचकाळून जखमी झाला. भरपाई घोडा भाड्यानं नेणाऱ्यानंच द्यायची. लग्नासाठी मागून नेलेली गाडी तीर्थयात्रेला नेली आणि रस्त्यात दुसऱ्यानं येऊन धडक दिली, तरी हाच नियम.

दुसरा, परवानगीवाचून मिसळणं. गोदामवाल्यानं आपल्या शेतकऱ्याचं चांगलं सोयाबीन दुसऱ्याच्या डागी मालात मिसळलं आणि आता वेगळं करता येत नाही, तर त्यानं नुकसान भरून द्यायचं. पोती फक्त सरमिसळ झाली असतील आणि खुणेवरून निवडता येत असतील, तर निवडण्याचा खर्च आणि त्यात झालेली नासाडी त्याची. पोत्यांवर रंगानं खूण करायची जुन्या लोकांची सवय इथे कामी येते.

तिसरा प्रसंग सगळ्यांत जास्त घडतो, तो म्हणजे उशीर. मुदत संपली किंवा काम झालं, मालकानं माल मागितला, भाडं चुकतं केलं आणि तरी सांभाळणाऱ्याच्या चुकीनं माल परत मिळाला नाही, तर त्या क्षणापासून सगळा धोका त्याचा. इंग्लंडमधल्या १९१७ च्या एका खटल्यात बुकबाइंडरकडे बांधणीला दिलेली पुस्तकं मागूनही वेळेत मिळाली नाहीत. पुढे त्याच्या जागेत त्याची काहीही चूक नसताना आग लागली आणि पुस्तकं जळाली. तो जबाबदार ठरला. आपलं कलम १६१ हेच सांगतं. समजा, शेतकऱ्यानं कर्ज फेडून बँकेचं पत्र आणलं आणि गोदामवाला म्हणाला, ‘आत्ता हमाल नाहीत, पुढच्या आठवड्यात या.’ त्याच आठवड्यात ती न भूतो अशी वावटळ आली. आधी जिच्यामुळे तो सुटला असता, तीच वावटळ आता त्याला सोडवणार नाही. पण माल मागितला होता हे तारखेसह दाखवता आलं पाहिजे. तोंडी निरोपापेक्षा मोबाइलवरचा एक संदेश बरा.

बँकेचा बोजा म्हणजे काय

आता तारण. कर्जाची हमी म्हणून वस्तू ठेवली की तोही निक्षेपच, फक्त कारण वेगळं. आपण गहाण म्हणतो. इथेही मालकी कर्जदाराचीच राहते. बँकेला मिळतो तो ताबा आणि कर्ज फिटेपर्यंत माल धरून ठेवायचा हक्क. सोयाबीनची पोती उचलून बँकेत न्यावी लागत नाहीत. गोदामवाल्यानं पावतीवर बँकेचा बोजा नोंदवला आणि यापुढे हा माल बँकेसाठी धरून आहे असं मान्य केलं, की ताबा दिल्यासारखाच. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समित्या कर्ज देतात, तिथेही गाभा हाच.

मालकी शेतकऱ्याची म्हणूनच बिनचुकीच्या नुकसानाचा धोकाही त्याचाच. बँकेच्या चुकीवाचून माल गेला तर कर्ज माफ होत नाही. तारण ही हमी आहे, कर्जाची फेड नाही. भाव पडला तरी तसंच.

पण बँकेवरही सांभाळणाऱ्याची जबाबदारी असते. इथे मी आधी सांगितलेला गाडीचा निकाल कामाचा. गोदाम कोणी निवडलं? बँकेनं सांगितलं की आमच्या ठरलेल्या गोदामातच माल ठेवा आणि बँकेच्याच माणसानं तो ताब्यात घेतला, तर गोदामवाला बँकेनं नेमलेला ठरू शकतो आणि शेतकरी थेट बँकेला विचारू शकतो. शेतकऱ्यानं आपण होऊन गोदाम निवडलं आणि नंतर फक्त पावती बँकेला दिली, तर मुख्य बोट गोदामवाल्याकडे. कर्जाच्या कागदांत गोदामाचं नाव कोणी घातलं, हे म्हणूनच पाहायचं.

बँकेनं स्वतःच माल घालवला तर? १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक सावकार होता. भंगार मालाच्या तारणावर त्यानं २० हजार रुपये दिले होते. नंतर कर्जाचा दावा लावला आणि माल मिळालाच नव्हता असं म्हणाला. कोर्टाला दिसलं की माल त्याच्याकडे आला होता आणि तो परत देण्याच्या स्थितीत नव्हता. कर्जाचा हुकूमनामा त्याला मिळाला नाही. तारणही ठेवायचं आणि कर्जही वसूल करायचं, असं दोन्ही चालत नाही.

मुदत टळली म्हणून बँक माल विकू शकते, पण आधी वाजवी मुदतीची नोटीस द्यावी लागते. ‘नोटीस न देता विकू’ असं करारात लिहिलं असलं तरी ती टाळता येत नाही. तारण घेणाऱ्यानं तो माल स्वतःलाच विकून घेऊ नये, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्जदार पैसे भरून माल सोडवू शकतो, त्याच्या उशिरामुळे झालेला खर्च वर द्यावा लागतो इतकंच. विक्रीत कमी आलं तर फरक कर्जदाराचा, जास्त आलं तर वरचे पैसेही त्याचेच. सोनेतारणात रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ च्या निर्देशांत आणखी नेमकं सांगितलं आहे. कर्ज फिटल्यावर दागिने त्याच दिवशी किंवा फार तर ७ कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे. त्यापुढे बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे फक्त सोन्याचांदीला लागू आहे, सोयाबीनला नाही.

आपल्या ३० पोत्यांचा हिशोब

सहा महिने झाले. कर्ज २,०२,५०० रुपये, वर्षाला ८ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज ८,१०० रुपये. देणं २,१०,६०० रुपये. सोपेपणासाठी भाडं आणि सुकतूट बाजूला ठेवू. भाव ४,५०० वरून ४,२०० वर आला आहे. कोरडे ४५ क्विंटल विकले, १,८९,००० रुपये आले. बुरसलेले १५ क्विंटल २,००० च्या भावानं गेले, ३०,००० रुपये. एकूण २,१९,०००. कर्ज फेडून शेतकऱ्याच्या हाती ८,४०० रुपये.

आता नुकसानाचे दोन तुकडे करा. भाव क्विंटलला ३०० रुपयांनी उतरला, त्यामुळे ६० क्विंटलवर १८,००० रुपये गेले. हे शेतकऱ्याचे स्वतःचे. भाव चढेल म्हणून थांबायचा निर्णय त्याचा होता. भिजल्यामुळे मात्र १५ क्विंटलवर प्रत्येकी ४,२०० वजा २,०००, म्हणजे २,२०० रुपये गेले, एकूण ३३,०००. छप्पर आधीपासून गळकं होतं आणि गोदामवाल्याला काळजी घेतल्याचं दाखवता आलं नाही, तर हे ३३,००० रुपये त्याचे. ते मिळाले की शेतकऱ्याच्या हाती ४१,४०० रुपये राहतात, म्हणजे माल कोरडा राहिला असता तर राहिले असते तेवढेच. छप्पर धड असूनच वावटळीनं घात केला असेल, तर ३३,००० ही शेतकऱ्याचेच, आणि मग आधार विम्याचा. मालाचा विमा कोणाच्या नावानं आणि कशाकशासाठी उतरवला आहे, हे पावती घेतानाच विचारायचं.

भिजल्याचं कळल्यावर पहिल्या दिवशी काय केलं, यावर पुढचं बरंच ठरतं. पोती हलवण्याआधी छपराचे, फळ्यांचे आणि थप्पीचे फोटो काढावेत. दोन तटस्थ माणसांसमोर पंचनामा करून भिजलेल्या पोत्यांची संख्या आणि ओलावा लिहून घ्यावा. गोदामवाल्याला आणि बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावं, विमा असेल तर विमा कंपनीलाही. मग भिजलेला माल लगेच वेगळा करून वाळवायला घालावा. भरपाई मिळणारच आहे म्हणून तो तसाच कुजू दिला, तर टाळता आलं असतं तेवढं नुकसान कोर्ट भरपाईतून वजा करतं. वाळवण्याचा आणि हमालीचा वाजवी खर्च मात्र मागता येतो, त्याच्या पावत्या ठेवाव्यात.

गोदामवाला ऐकत नसेल तर लेखी नोटीस आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, हा मार्ग भाडं देऊन ठेवलेल्या मालाला खुला आहे. मुदत नुकसान झाल्यापासून दोन वर्षांची. गोदामाचं भाडं ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फी नाही. तक्रारीला पावती, ओलाव्याचा आकडा, फोटो, पंचनामा आणि विक्रीच्या दोन काटापट्ट्या जोडायच्या, एक कोरड्या मालाची, एक भिजलेल्याची. त्या दोन पट्ट्यांमधल्या भावांचा फरक गुणिले भिजलेले क्विंटल, हाच आपला मुख्य दावा.